पोच

मुरबाडच्या पोस्टात सदानंद उबाळे सव्वीस वर्षं पोस्टमन होता. त्या सव्वीस वर्षांत त्याने एकही पत्र हरवलं नव्हतं, आणि एकही अपमान हरवला नव्हता. डूख धरावा तर सदानंदानेच. बाजारपेठेतल्या एका कापडवाल्या शेठने ऐन गिऱ्हाइकांत त्याला 'ए टपाल' अशी हाक मारली होती. त्यानंतरची सात वर्षं शेठच्या प्रत्येक रजिस्टर टपालाला सदानंद गल्ल्यासमोर उभा राहून म्हणे, "सही नीट करा शेठ. तारीख पण. नाय नाय, तारखेत साल पण येतं." शेवटी शेठने 'उबाळेसाहेब' म्हणून चहा पाजला, तेव्हा कुठे तारखेतलं साल माफ झालं.

एरवी माणूस सरळ. उन्हातान्हात सायकल रेटायचा, म्हाताऱ्यांना पत्रं वाचून दाखवायचा, मनिऑर्डरीच्या मागे कोणाकडून चहाही घ्यायचा नाही. बायको गीताबाई अंगणवाडीत. दोघांना एकच मुलगी, पल्लवी. ती इंजिनीअर झाली, त्यासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलं होतं, आणि कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून सदानंदाची सही होती. गावातली बँक अकरा वर्षं त्याच्याच बीटमध्ये, म्हणजे टपाल वाटायच्या हद्दीत. रोज अकराच्या सुमारास तो तिथे टपाल टाकायचा. एवढ्या वर्षांत तिथल्या कोणी त्याला 'बसा' म्हटलं नव्हतं, हेही त्याच्या हिशेबात होतंच.

२००८ साली पल्लवी पास झाली. कॉलेजात असतानाच पुण्याच्या एका कंपनीने तिला निवडलं होतं आणि पत्रही दिलं होतं. रुजू व्हायची तारीख मागाहून कळवू, असं त्यात होतं. गीताबाईने अख्ख्या आळीला पेढे वाटले. मग अमेरिकेत काहीतरी कोसळलं, आणि त्याचा धुरळा मुरबाडपर्यंत आला. तारीख काही येईना. जानेवारीत कंपनीची मेल आली, नेमणूक रद्द. पल्लवीने ती सायबर कॅफेत छापून घेतली आणि घरी येऊन बापापुढे ठेवली. मग ठाण्याच्या रोजगार केंद्रात नाव नोंदवलं, अर्ज सुरू केले, मुलाखतीही दिल्या. नोकरी नव्हती.

एप्रिलमध्ये तिने कर्जमंजुरीचं पत्र काढून पुन्हा वाचलं. शिक्षण संपल्यावर एक वर्ष, किंवा नोकरी लागल्यावर सहा महिने, यातलं जे आधी येईल तोवर हप्ता नाही. वर्ष मेअखेर संपत होतं. पहिला हप्ता तीस जूनला.

"बाबा, हप्ते सुरू व्हायच्या आधीच मुदत वाढवून मागायची," ती म्हणाली. "एकदा हप्ता चुकला नि नव्वद दिवस गेले ना, की खातं थकीत धरतात. मग कोण वाढवून देतंय? आणि थकीतचा शिक्का बसला तर पुढे नोकरी देणारे पण बघतात."

"माफी मिळते का?" गीताबाईने विचारलं. गेल्याच वर्षी शेतकऱ्यांची कर्जं माफ झाली होती, त्यामुळे तो शब्द सगळ्यांच्या तोंडी होता.

"माफी नाय गो आई. फक्त मुदत. व्याज चालूच राहणार."

पल्लवीने सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. नोकरीचे प्रयत्न चालू आहेत, सोबत रोजगार केंद्राचं कार्ड, मुलाखतींची पत्रं आणि नेमणूक रद्द झाल्याची मेल. हप्ते सुरू होण्याची मुदत एक वर्षाने वाढवावी. खाली दोन सह्या, तिची आणि बापाची. सदानंदाने दोन प्रती करायला लावल्या. एक बँकेला, एक पोच घ्यायला. कागद दिला की आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायची, हे त्याच्या रक्तातच होतं.

पंधरा एप्रिलला दोघं बँकेत गेली. कर्जाचं टेबल नरेंद्र सावरेकरांचं. कल्याणहून रोज येणारा, भांग नीट पाडलेला, चष्म्यावरून बघणारा इसम. समोर रांगेत शिक्षक, पेन्शनवाले, दोन दुकानदार. सावरेकरांनी अर्ज वाचला, तोही मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"नोकरी न मिळाल्याने..." ते थांबले. "इथे तर ऑफर लेटरची नोंद आहे आमच्याकडे. म्हणजे नोकरी लागली."

"सर, ती रद्द झाली. मेल जोडलीय सोबत," पल्लवी म्हणाली.

"घेताना घाई आणि फेडताना मुदत. तुमच्या लोकांचं हे नेहमीचंच."

'तुमच्या लोकांचं' म्हणजे कोणाचं, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. पल्लवीची मान खाली गेली. सदानंदाने दुसरी प्रत पुढे केली.

"साहेब, पोच द्या."

"ठेवून जा. पोच-बिच काही मिळत नाही."

"नियमाने पोच देतात, साहेब."

सावरेकरांनी चष्मा काढला. "पोच कागदाला नसते हो, माणसाला असते. तुमच्याकडे ती असती तर एवढ्या गर्दीत हुज्जत घातली नसती."

रांग हसली. ज्याच्या मुलाचं नेमणूकपत्र सदानंदाने भर पावसात पोचवलं होतं तो मास्तरही हसला. बाप मुलीच्या देखत उभा होता, हातात बिनशिक्क्याची प्रत. बाहेर आल्यावर पल्लवी म्हणाली, "जाऊ दे बाबा. अर्ज तर घेतलाय." तो दिवस, ती वेळ आणि हसणाऱ्या प्रत्येकाचं तोंड सदानंदाने आत नोंदवून ठेवलं.

मे गेला, जून गेला. उत्तर नाही. पल्लवी दोनदा विचारायला गेली, 'वर पाठवलंय' एवढंच ऐकून आली. जुलैच्या मध्यावर सकाळी टपाल लावताना सदानंदाच्या हातात स्वतःच्याच पत्त्याचं पाकीट आलं, बँकेचं. पहिला हप्ता थकला, ताबडतोब भरा. त्याच दिवशी वाटप आटोपून तो गणवेशातच सावरेकरांसमोर उभा राहिला.

"साहेब, आमी मुदतवाढीचा अर्ज दिलता एप्रिलात."

"अर्ज? कसला अर्ज?" सावरेकरांनी फाईल उघडून दाखवली. तिच्यात अर्ज नव्हता. मग ते हसले आणि हळूच म्हणाले, "दिला असेल तर पोच दाखवा की."

राग सगळ्यांनाच येतो. सदानंदाला त्या क्षणी जे आलं ते रागाच्या पुढचं होतं. हा माणूस आपल्या पायाशी आलेला बघायचा, असं त्याने त्या टेबलासमोर मनाशी पक्कं केलं. मुलीची मुदत आणि याचा सूड, दोन्ही हवं. त्यातलं आधी कोणतं, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

बँकेच्या मागच्या अंगाला बुधू उभा होता. बुधू टोकावड्याच्या बाजूच्या ठाकरवाडीतला. अकरा वर्षं रोजंदारीवर शिपाई, पाणी भरायचा, झाडू मारायचा, साठलेली रद्दी भंगारवाल्याला घालायचा. अक्षराशी गाठ नाही. बँकेत सदानंदाशी माणसासारखं बोलणारा तेवढाच.

"दादा," बुधू म्हणाला, "त्यो कागुद मी पायला. तुमी आन ताय आलता ना, त्या कागदाला लाल टाचणी व्हती. सायबानी मागल्या म्हयन्यात टोपलीत टाकला. रद्दी अजून मांगंच हाय. शोधू?"

दुसऱ्या दिवशी बुधूने सदऱ्याच्या आतून घडी काढून दिली. "माजा नाव घेव नको, दादा. रोजावरचा माणूस मी."

"नाय घेत. शपथ."

सदानंदाने सायकल वडाखाली लावून घडी उलगडली. पल्लवीचं अक्षर, दोन सह्या, लाल टाचणी. आणि वर कोपऱ्यात, लाल शाईत, सावरेकरांच्या हातचं: '१६/४. ऑफर आहे. घाई नाही. न. सा.' सदानंदाने ते तीनदा वाचलं. एप्रिलात अर्ज मिळाल्याची पोच साहेब आपल्या हाताने, तारखेसकट देऊन बसले होते. वडाखाली एकटाच उभा राहून तो मोठ्याने हसला. समोरची भाजीवाली दचकली.

पण तो कागद त्याने तेव्हाच काढला नाही. सदानंद उतावळा नव्हता. आधी मुदत. पल्लवीकडून त्याने नवा अर्ज लिहून घेतला, सगळ्या जोडपत्रांसकट. एक प्रत थेट प्रादेशिक कार्यालयाला, कारण शाखा फक्त शिफारस करते, निर्णय तिथला, एवढं पल्लवीने शोधून काढलं होतं. एक प्रत शाखा व्यवस्थापकांना. दोन्ही रजिस्टर, सही होऊन पाठवणाऱ्याकडे परत येणाऱ्या पोचपावतीच्या कार्डासह. व्यवस्थापक मॅडम पंधरा दिवस प्रशिक्षणाला गेल्यात आणि शाखेचा कार्यभार सावरेकरांकडे आहे, हे रोज टपाल टाकणाऱ्याला ठाऊक नसणार तर कोणाला?

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी, पगाराच्या गर्दीत, अकरा वाजता, सदानंद पिशवी खांद्याला लावून आत शिरला. बाकीचं टपाल त्याने नेहमीसारखं टेबलावर ठेवलं. रजिस्टर मात्र हातातच धरलं.

"शाखा व्यवस्थापकांच्या नावे रजिस्टर. कार्यभार आपल्याकडं हाय ना, साहेब? सही."

सावरेकरांनी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं. कान तांबडे झाले. "हे तुम्हीच पाठवलंय आणि तुम्हीच आणताय?"

"बीट माजी हाय. मी नाय आणणार तर कोण?"

"मी घेत नाही."

"चालेल." सदानंदाने कानावरचं पेन काढलं. आवाज मात्र चढवला, रांगेच्या शेवटच्या माणसाला जाईल एवढा. "मग मी पाकिटावर लिवतो, 'घेण्यास नकार'. तारीख, वेळ, माजी सही. म्हंजे पत्र परत पाठवणाऱ्याकडं. पाठवणारा मीच. ते पाकीट मी मोठ्या साहेबांपुढं ठेवतो. घेतलंत तर पोच, नाय घेतलंत तरी पोच. कोणती देऊ?"

रांगेत तोच मास्तर होता, या वेळी तो जमिनीकडे बघत होता. सावरेकरांनी सही केली.

"तारीख पण," सदानंद म्हणाला. "साल पण."

साल आलं. त्याने कार्ड उचलून पिशवीत टाकलं आणि शांतपणे म्हणाला, "पोच कागदालाच असते, साहेब. माणसाचं काय सांगता येत नाय." बाहेर आल्यावर त्याने सायकलची घंटी उगाचच चारदा वाजवली. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला जेवण गोड लागलं, आणि हे त्याने गीताबाईला सांगूनही टाकलं.

पुढे सगळं झटपट झालं. प्रादेशिक कार्यालयाने शाखेकडे विचारणा केली. मॅडम परत आल्या, त्यांनी पल्लवीला बोलावून घेतलं, मेल वाचली, रोजगार केंद्राचं कार्ड पाहिलं. ऑफर रद्द झाली म्हणजे नोकरी लागलीच नव्हती, हे त्यांनी सावरेकरांच्या समोरच मान्य केलं आणि शिफारस केली. बापलेकीने कर्ज मान्य असल्याच्या नव्या पत्रावर सह्या केल्या. सप्टेंबरात, नव्वद दिवस भरायच्या दहा दिवस आधी, रजिस्टर आलं. सदानंद गणवेशात आपल्याच दारात उभा राहिला आणि ओरडला, "पोस्ट! पल्लवी सदानंद उबाळे!" तिने सही केली. मुदत मे २०१० पर्यंत वाढली होती. व्याज चालू राहील, नोकरी लागल्यास ताबडतोब कळवावे, जूनच्या हप्त्याची मागणी रद्द. पल्लवी रडली, गीताबाईने गूळ-शेंगदाणे पुढे केले.

"झालं एकदाचं," गीताबाई म्हणाली. "आता सोडा त्याला."

"मुदत मिळाली. माजं कुठं काय मिळालं?"

त्याने ट्रंकेतून लाल टाचणीचा कागद काढला. पल्लवीने कोपऱ्यातलं लाल अक्षर वाचलं आणि बापाकडे बघितलं. "बाबा, हे कुठून आणलंत?"

"आणलं."

गीताबाई शहाणी बाई. तिने कागद हातातही घेतला नाही. "कागद बाहेर आला कसा, हे पयलं विचारतील. रद्दी कोण काढतो तिथं? तोंडानं नाव नका घेऊ, कागद तर घेतोय ना नाव?"

सदानंदाला हे कळत नव्हतं असं नाही. सव्वीस वर्षं कागद वाहणाऱ्याला कागदाचा माग कळतोच. पण त्याच्या कानात अजून ती रांग हसत होती. मी बुधूचं नाव घेणार नाही, एवढीच शपथ घेतली होती, आणि ती आपण पाळतोय, असं त्याने स्वतःला पटवलं. प्रादेशिक कार्यालयाला तक्रार लिहिली. दिलेला अर्ज दडवला, विचारल्यावर नाकारला, जातीवरून बोलले. सोबत लाल शाईच्या कागदाची छायाप्रत. रजिस्टर, पोचपावतीसह. कार्ड आठ दिवसांत सही होऊन आलं.

नोव्हेंबरात त्याच्या पिशवीत सावरेकरांच्या नावाचं रजिस्टर पडलं, 'व्यक्तिशः'. ते वाटायला त्याने दाढी करून, इस्त्रीचा गणवेश घातला. सावरेकरांनी पाकिटावरचा प्रादेशिक कार्यालयाचा शिक्का पाहिला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या टेबलावरून शब्द आला, "बसा, उबाळे."

सदानंद उभाच राहिला.

"तुमचं काम तर झालं होतं," सावरेकर पुटपुटले.

"मुलीचं झालतं. माजं राहिलतं. सही करा."

सावरेकरांनी सही केली, आणि तारखेत साल न सांगताच घातलं. ते साल सदानंदाने डोळे भरून पाहिलं. हे कार्ड मात्र त्याचं नव्हतं, ते प्रादेशिक कार्यालयाकडे परत जायचं होतं. ठेवून घेता आलं असतं तर त्याने ते चौकट करून भिंतीवर लावलं असतं.

चौकशी झाली. डिसेंबरात निकाल लागला, तो सदानंदाला बँकेच्या पायरीवर कळला. सावरेकरांना ताकीद आणि बदली. बदली कुठे, तर कल्याणला, घरापासून चालत दहा मिनिटांवर. गेली चार वर्षं ते तिथेच बदली मागत होते. आणि शाखेतला कागद बाहेर गेल्याबद्दल रोजंदारीचा शिपाई बंद. त्याला पत्रही दिलं नाही. उद्यापासून येऊ नकोस, एवढंच सांगितलं. अकरा वर्षं राबलेल्या माणसाला काढल्याचा एक कागद नाही.

सदानंद पायरीवरच बसला. हयातीत धरलेले सगळे डूख त्याला तोंडपाठ होते, पण या वेळी डूख धरायचा कोणावर, हे त्याला लगेच कळलं आणि म्हणूनच उठवेना. रविवारी तो एसटीने टोकावड्याला उतरून वाडीवर गेला. बुधूच्या बायकोने, रंगूने, त्याला ओटीवर पाणी दिलं. बुधू मोहाच्या झाडाखाली मोळी बांधत होता.

"बस, दादा," बुधू म्हणाला.

सदानंद बसला. "बुधू, मी नाव नाय घेतला रे."

"ठावं हाय." बुधूने गाठ आवळली. तो रागावलेला दिसत नव्हता. त्याने शिव्या घातल्या असत्या तर सदानंदाला त्या झेलता आल्या असत्या. मग बुधूच म्हणाला, "दादा, तुमी सायबाला कागुद लिवला, सायेब हालला. तसाच माजाबी लिव ना. अकरा वरीस झाली, मना परत घ्या म्हून. पोचवाला."

सदानंदाने तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. खाली बुधूचा अंगठा. पाठवणाऱ्याचा पत्ता, मार्फत सदानंद उबाळे, पोस्टमन, मुरबाड. रजिस्टर, कार्डासह. मंगळवारी त्याने ते स्वतः नेऊन बँकेत दिलं. सावरेकरांच्या जागी आलेल्या तरुण साहेबाने हसून सही केली, तारीख घातली, साल घातलं, 'बसा ना' असंही म्हटलं.

पल्लवीला एप्रिलमध्ये शहापूरजवळ आसनगावच्या कारखान्यात नोकरी लागली. तिने त्याच आठवड्यात बँकेला कळवलं आणि मुदत संपल्यावर जूनपासून हप्ते वेळेवर सुरू केले. तिच्या पत्राला शिक्का न मागता मिळाला.

बुधूचे मात्र तोवर चार अर्ज गेले होते. दर अर्जाचं कार्ड सही होऊन परत येई, आणि सदानंद रविवारी ते घेऊन वाडीवर जाई. बुधू हात पुसून कार्ड घ्यायचा, उलटसुलट करायचा आणि आधीच्या कार्डांबरोबर कुडाच्या फटीत नीट खोचून ठेवायचा.

"काय लिवलंय, दादा?" तो विचारायचा.

"मिळालं, असं लिवलंय," सदानंद सांगायचा.

"आन पुढं?"

"पुढं काय नाय."